सिंक वेगळं, बॅकअप वेगळा: चॅट उडालं तर नेमकं काय करायचं

फोनवरचे मेसेज लॅपटॉपवरही दिसतात, म्हणजे आपोआप बॅकअप होतोच आहे, असं सांगणारे सल्लागार पैशाला पासरी मिळतात. त्यांचं ऐकू नका. तुमच्याकडे सिंक आहे की बॅकअप हे एका मिनिटात कळतं. स्वतःलाच एक फालतू मेसेज पाठवा, फोनवरून तो 'फक्त माझ्यासाठी' डिलीट करा आणि लॅपटॉपकडे बघा. तिथूनही गेला? मग ते सिंक. सिंकचं काम दोन्हीकडे सारखं चित्र ठेवणं एवढंच, त्यामुळे खोडलेलंही दोन्हीकडे खोडलं जातं. बॅकअप म्हणजे ठरावीक वेळी काढून बाजूला ठेवलेली प्रत. त्यानंतर तुम्ही फोनवर काहीही केलं तरी पुढचा बॅकअप होईपर्यंत ती बदलत नाही.

अँड्रॉइड फोनवरचं व्हॉट्सॲप उदाहरणाला घेऊ.

सिंक सुरू करणं सोपं आहे: 'लिंक्ड डिव्हाइसेस'मध्ये जा आणि लॅपटॉपवरचा क्यूआर कोड स्कॅन करा. मुख्य फोनखेरीज अशी चार उपकरणं जोडता येतात. फोन बंद असला तरी ती चालतात, पण १४ दिवस फोनवर व्हॉट्सॲप उघडलंच नाही तर ती आपोआप लॉगआउट होतात. फोन हरवला तर लॅपटॉपवर सगळं आहेच, या भरवशावर राहू नये ते यासाठी.

बॅकअप सुरू करणंही सोपं: सेटिंग्ज, चॅट्स, चॅट बॅकअप. गूगल खातं निवडा, 'रोज' ठेवा. व्हिडिओ हवे असतील तर त्याचं बटण वेगळं चालू करावं लागतं, आणि ही सगळी जागा तुमच्या गूगल खात्यातूनच जाते.

खरी गोची होते ती बॅकअप परत आणताना, आणि लोक नेमकं इथेच घाईने हातचं घालवतात. समजा, मंगळवारी सकाळी अकराला चुकून एक महत्त्वाचं चॅट डिलीट झालं. लॅपटॉपवरूनही ते गेलं. माणूस घाबरतो, बॅकअपच्या पानावर जातो आणि समोर दिसतं ते हिरवं 'बॅक अप' बटण दाबतो. ते दाबू नका! त्या बटणाने काहीही परत येत नाही. उलट आत्ताची, म्हणजे ते चॅट नसलेली, प्रत वर चढते आणि पहाटे आपोआप झालेल्या बॅकअपची चांगली प्रत पुसली जाते. गूगल खात्यात शेवटचीच प्रत राहते, जुन्या प्रतींची थप्पी तिथे नसते.

आधी त्याच पानावर शेवटच्या बॅकअपची वेळ वाचा. मंगळवार पहाटेची असेल तर चॅट त्या प्रतीत आहे. दुपारची असेल तर या मार्गाने ते मिळणार नाही, उगाच ॲप काढू नका. वेळ योग्य असेल तर लगेच आपोआप बॅकअप 'बंद' करा, नाहीतर आज रात्री तीच गत होईल. कुठलं गूगल खातं निवडलं आहे तेही लिहून ठेवा. मगच व्हॉट्सॲप काढून पुन्हा टाका आणि तोच नंबर द्या. बॅकअप सापडल्याचं दिसलं की 'रिस्टोर' म्हणा. ही विचारणा नोंदणीच्या वेळीच होते. तिथे 'स्किप' केलंत तर नंतर सेटिंग्जमध्ये रिस्टोरचं बटण शोधून उपयोग नाही, पुन्हा ॲप काढून पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. बॅकअप सापडतच नसेल तर घाबरण्याआधी फोनमध्ये तेच गूगल खातं आहे का आणि नंबर तोच आहे का ते बघा. बहुतेकदा घोळ तिथेच असतो.

याची किंमत मोजावी लागते, ती आधीच समजून घ्या. पहाटेपासून ॲप काढेपर्यंत आलेले मेसेज जातील, कारण ते त्या प्रतीत नव्हते. त्यात काही हवं असेल तर ॲप काढण्यापूर्वीच ते चॅट 'एक्सपोर्ट' करून स्वतःला मेल करा. सगळं परत आल्यावर आपोआप बॅकअप पुन्हा 'रोज' करा आणि लॅपटॉप नव्याने जोडा.

बॅकअपला पासवर्ड किंवा ६४ अंकी किल्ली लावली असेल तर ती कागदावर लिहून ठेवा. ती विसरलात तर व्हॉट्सॲपही तो बॅकअप उघडून देऊ शकत नाही. आयफोनवर हाच बॅकअप आयक्लाउडमध्ये जातो आणि तो अँड्रॉइड फोनवर रिस्टोर होत नाही. तसा फोन बदलताना चॅट ट्रान्सफरचा वेगळा मार्ग वापरावा लागतो, तोही जुना फोन हाताशी असतानाच.

टेलिग्रामचं गणित निराळं आहे. तिथली नेहमीची चॅट्स कंपनीच्या सर्व्हरवरच असतात, म्हणून नव्या फोनवर लॉगिन केलं की ती आपोआप दिसतात, रिस्टोरची भानगडच नाही. पण हेही सिंकच. चॅट डिलीट केलं की ते सगळ्या उपकरणांवरून जातं, आणि मागे ठेवलेली प्रत कुठेच नसते. ती हवी असेल तर टेलिग्रामच्या डेस्कटॉप ॲपमधून एक्सपोर्ट करून आपणच ठेवायची. सीक्रेट चॅट्स मात्र ज्या फोनवर सुरू केली तिथेच राहतात, नव्या फोनवर येत नाहीत.