डिलिव्हरी रिपोर्टमध्ये सरासरी नको, पर्सेंटाइल हवा. आणि तिथेही या चुका टाळा

समजा, मिरजेत औषधांचा एक होलसेलर आहे. सांगली, विश्रामबाग, कुपवाडच्या मेडिकल दुकानांना त्याची पोरं गाडीवरून माल पोहोचवतात. एका दुपारच्या २० ऑर्डरींना लागलेली मिनिटं चढत्या क्रमाने अशी:

२२, २४, २५, २५, २७, २८, २८, ३०, ३१, ३२, ३३, ३४, ३५, ३६, ३८, ४०, ४२, ९५, ११०, १६५

बेरीज ९००, म्हणजे सरासरी ४५ मिनिटं. रिपोर्टमध्ये हाच आकडा जातो. आता यादीत ४५ शोधा. ४२ नंतर एकदम ९५ आहे. १७ दुकानदारांना माल त्याआधीच मिळाला आणि तिघं दीड तासाहून जास्त वेळ ताटकळले. म्हणजे ४५ मिनिटं कुणाच्याच वाट्याला आली नाहीत. मॅनेजर रिपोर्टवर विसंबून दुकानदाराला "पाऊण तासात येतंय बघा" असं सांगतो, आणि नेमका त्या तिघांतल्या एकाचा फोन येतो. तसं दोनदा झालं की तो रिपोर्ट उघडायचंच सोडतो. त्याचंही काही चुकत नाही.

त्याऐवजी दोन आकडे द्या. मधला आकडा, म्हणजे मीडियन, इथे ३२.५ येतो. दुसरा ९० वा पर्सेंटाइल:

```
=MEDIAN(D2:D21)
=PERCENTILE.INC(D2:D21,0.9)
```

दुसऱ्याचं उत्तर ९६.५. रिपोर्टमध्ये मात्र "पी नव्वद" वगैरे लिहू नका. "निम्म्या ऑर्डरी ३३ मिनिटांत, दहापैकी नऊ ९७ मिनिटांच्या आत" असं लिहा. सीईटीमुळे आपल्याकडे पर्सेंटाइल जास्त म्हणजे चांगला अशी सवय झालीय. इथे आकडा मिनिटांचा आहे, तो जितका कमी तितका बरा.

न पोहोचलेल्या ऑर्डरी रिकाम्या सोडणं

ही चूक सर्रास होते, आणि पटकन दिसतही नाही. वरची १६५ मिनिटांची ऑर्डर रिपोर्ट काढायच्या वेळी पोहोचलीच नव्हती असं धरा. रकाना रिकामा राहिला, किंवा कुणी त्यात "पेंडिंग" लिहिलं. एक्सेल रिकामा रकानाही धरत नाही आणि अक्षरंही धरत नाही, तक्रारही करत नाही. उरलेल्या १९ वर ९० वा पर्सेंटाइल येतो ५२.६. सगळ्यात वाईट ऑर्डर गळाली आणि रिपोर्ट सुधारला!

उपाय सोपा आहे. अशा ऑर्डरीला रिपोर्टच्या क्षणापर्यंत गेलेली मिनिटं टाका. समजा तोवर १३० झाली असतील, तर १३० लिहा. उत्तर पुन्हा ९६.५ येतं, कारण शेवटची ऑर्डर १३० ची आहे की ३०० ची, याने या ठिकाणचा क्रम बदलत नाही. सरासरीला ही सोय नाही. मर्यादा एवढीच: अडकलेल्या ऑर्डरी दहा टक्क्यांच्या जवळ किंवा पुढे गेल्या, किंवा त्यांची गेलेली मिनिटं अजून या आकड्याच्या खालीच असली, तर हा आकडा "किमान इतका" म्हणूनच वाचायचा. ताळा म्हणून `=COUNT(D2:D21)` चं उत्तर ऑर्डरींच्या संख्येशी जुळतंय का, ते आधी बघावं.

पर्सेंटाइलचीच सरासरी काढणं

मिरज-सांगली मार्गाच्या १८० ऑर्डरी, सगळ्या ४५ मिनिटांच्या आत, ९० वा पर्सेंटाइल ४०. कुपवाडच्या २०, सगळ्या ५० च्या वर, त्यांचा १२०. दोन्हींची सरासरी करून "एकूण ८०" असं कुणीतरी लिहितंच. पण २०० ऑर्डरी एकत्र लावल्या तर १८० वी ऑर्डर पंचेचाळिशीच्या आसपासच येते. ८० ला काही अर्थच नाही. रोजच्या पर्सेंटाइलवरून आठवड्याचा काढतानाही हेच होतं. प्रत्येक वेळी मूळ मिनिटं एकत्र करून नव्याने काढायचा.

आणि बरोबर काढलेला ४५ सुद्धा इथे पुरत नाही. कुपवाडच्या ऑर्डरी नेमक्या दहा टक्के आहेत, त्यामुळे तिथले सगळे दुकानदार त्या आकड्यामागे झाकले जातात. मार्गवार ओळी वेगळ्या दाखवाच.

थोड्या ऑर्डरींवर बारीक आकडा काढणं

वरच्या २० मध्ये ८५ वा पर्सेंटाइल जवळपास ५० आहे आणि ९० वा ९६.५. एका ऑर्डरीने एवढी उडी. रोजच्या २० ऑर्डरींवर ९५ वा, ९९ वा काढला तर तो शेवटच्या एक-दोन ऑर्डरींचाच आकडा असतो. अशा वेळी रोज मीडियन आणि "एक तासाहून उशिरा: ३" एवढं पुरे. ९० वा महिन्याच्या मिनिटांवर काढा, आणि शेजारी ऑर्डरींची संख्या छापा.

घड्याळ कुठून सुरू झालं हेही रिपोर्टच्या डोक्यावर लिहा. पोरगा गाडीला किक मारतो तिथून मोजलं, तर गोडाऊनमध्ये माल काढायला गेलेला वेळ कुठेच दिसत नाही. दुकानदार मात्र फोन ठेवल्यापासून मोजत असतो.