औद्योगिक सुरक्षा डिप्लोमा: तीन महिन्यांत कलमे आणि गणिते कशी पक्की करावीत

सातपूर-अंबडच्या कंपनीत शिफ्ट सांभाळून हा डिप्लोमा करायचा तर वेळ मोजकाच मिळतो. तो आधी दोन गोष्टींवर घाला: कायद्यातले आकडे आणि अपघातदराची गणिते. पेपर कारखाने अधिनियम 1948 वर आहे की 2020 च्या नव्या संहितेवर, हे संस्थेत आधीच विचारून घ्या. खालची कलमे 1948 च्या कायद्यातली आहेत.

पहिला महिना: कायदा

कल्याणविषयक कलमे 45 ते 49 ओळीने येतात: प्रथमोपचार, उपाहारगृह, विश्रामगृह, पाळणाघर, कल्याण अधिकारी. त्यासाठी एक वाक्य धरा: ‘प्रत्येक उपाशी विद्यार्थ्याला पाहिजे कढी.’ पहिल्या अक्षरांवरून क्रम आठवतो आणि 45 पासून मोजत गेलात की कलमही सापडते.

घोळ होतो तो कामगारसंख्येत. उपाहारगृह 250 पेक्षा जास्त कामगार असतील तर, विश्रामगृह 150 पेक्षा जास्त असतील तर आणि पाळणाघर 30 पेक्षा जास्त महिला कामगार असतील तर. प्रथमोपचार पेटी मात्र दर 150 कामगारांमागे किमान एक. आता समजा, कारखान्यात बरोबर 500 कामगार आहेत. कल्याण अधिकारी लागेल, कारण तिथे ‘500 किंवा अधिक’ असे म्हटले आहे. रुग्णवाहिका कक्षाची सक्ती नाही, कारण तो ‘500 पेक्षा जास्त’ असतील तेव्हाच. पेट्या चार, कारण तीन पेट्या 450 जणांनाच पुरतात. असे काल्पनिक कारखाने स्वतः तयार करून सोडवा. नुसत्या घोकंपट्टीत ‘किंवा अधिक’ आणि ‘पेक्षा जास्त’ यांतला फरक निसटतो.

प्रत्येक कलमाचे एक कार्ड करा. पुढे प्रश्न, मागे उत्तर. तिसऱ्या, सातव्या आणि एकविसाव्या दिवशी मागची बाजू न बघता उत्तर द्या. चुकलेले कार्ड पुन्हा पहिल्या दिवसापासून.

दुसरा महिना: गणिते आणि तांत्रिक विषय

500 कामगार, रोज 8 तास, वर्षाला 300 दिवस: एकूण 12,00,000 मनुष्यतास. कामाचे दिवस बुडवणारे अपघात 6, बुडालेले दिवस 240.

वारंवारता दर = 6 × 10,00,000 ÷ 12,00,000 = 5
तीव्रता दर = 240 × 10,00,000 ÷ 12,00,000 = 200

दोन्हींत दहा लाख आणि मनुष्यतास तेच. पहिल्यात अपघात, दुसऱ्यात दिवस. घटना दर मात्र मनुष्यतासांवर नव्हे, तर हजार कामगारांमागे काढतात: 6 × 1000 ÷ 500 = 12. मृत्यू असेल तर 6000 दिवस धरतात, म्हणून एकाच मृत्यूने तीव्रता दर एकदम चढतो. उदाहरणात गैरहजेरी आणि ओव्हरटाइम दिला असेल तर मनुष्यतास आधी दुरुस्त करा.

यंत्रसुरक्षा, आग, रसायने हे विषय याच महिन्यात घ्या. सुट्टीच्या दिवशी एक आकृती, न बघता.

तिसरा महिना: लेखन

जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवा. कायद्याच्या उत्तरात आधी कलम, मग अट, मग कारखान्यातले उदाहरण, हा क्रम ठेवा. कलमाचा क्रमांक नक्की आठवत नसेल तर तो लिहू नका. तरतूद नेमकी लिहून पुढे जा.