पोर्ट उघडला तरी बाहेरून कॅमेरा दिसत नाही? या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यात कराडजवळच्या एका गावात आठ कॅमेऱ्यांचं काम होतं. घरातल्या टीव्हीवर चित्र लख्ख, पण मालक राहतात पुण्यात आणि त्यांना तिथल्या कॉम्प्युटरवर बघायचं आणि रेकॉर्ड करायचं होतं. त्यांच्या भाच्याने व्हिडिओ बघून राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग करूनच ठेवलं होतं, म्हणजे बाहेरून ठराविक पोर्टवर, क्रमांकाच्या दारावर, येणारं घरातल्या यंत्राकडे वळवलं होतं. 8000, 554 आणि 80, तिन्ही पोर्ट डीव्हीआरच्या, म्हणजे कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणाऱ्या डब्याच्या, 192.168.1.64 या पत्त्याकडे वळवलेले. नियमांत एक चूक नव्हती, तरी पुण्यातून काही उघडेना. पोराने तीनदा राउटर रिसेट केला, एकदा डीव्हीआरही.

मी राउटरचं Status पान उघडलं. WAN IP, म्हणजे राउटरच्या बाहेरच्या बाजूचा पत्ता, त्यासमोर 100.72.14.9 होतं. मग त्याच वायफायवर ब्राउझरमध्ये what is my ip शोधलं, तिथे आलं 203.0.113.45. (आकडे बदलून देतोय.) दोन पत्ते वेगळे निघाले म्हणजे तपास तिथेच संपला. राउटरमध्ये कितीही पोर्ट उघडा, उपयोग नाही.

आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींत सगळ्यात मोठी चूक हीच असते. हे दोन पत्ते न पडताळता लोक थेट पोर्ट फॉरवर्डिंगला हात घालतात. WAN IP मध्ये 100.64 पासून 100.127 पर्यंतचा कुठलाही आकडा दिसला, तर तुम्ही सामायिक पत्त्यावर आहात, म्हणजे बाहेरचा एकच पत्ता अनेक घरांत वाटलेला आहे. हा पट्टा २०१२ मध्ये खास याच कामासाठी राखून ठेवला गेला. काही इंटरनेट कंपन्या 10 ने सुरू होणारा पत्ताही देतात. नुसतं 100 बघून घाबरू नका, 100.20 हा पत्ता त्या पट्ट्यात येत नाही. आकडे पाठ करायचे नसतील, तर दोन पत्ते जुळतात का एवढं बघा.

कंपनी असं का करते? जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही४चे पत्ते सगळे मिळून सुमारे ४२९ कोटी. जगाचा मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११ मध्ये संपला आणि त्याच वर्षी एप्रिलपासून आशिया-पॅसिफिक विभागात उरलेल्या पत्त्यांचं रेशनिंग सुरू झालं. त्यामुळे गावोगावचे ब्रॉडबँडवाले एकाच पत्त्यामागे कितीतरी घरं बसवतात. पूर्वीचा पी.पी. नंबर आठवा. शेजारच्या फोनवरून तुम्ही बाहेर बोलू शकायचात, पण तुमच्यासाठी फोन आला तर शेजाऱ्याने हाक मारायला हवी. इथे तो शेजारी म्हणजे कंपनीचं यंत्र. तुमच्या घरातून काही मागितलं, तर ते लक्षात ठेवून उत्तर बरोबर तुमच्याकडे पाठवतं. बाहेरून आपणहून कुणी 8000 वर आलं, तर ते कुणाच्या घरचं हे त्याला कळत नाही आणि ते परतवून लावतं.

तुमचा नियम तुमच्या राउटरमध्ये आहे; नकार त्याच्या आधीच्या दारात मिळतोय. त्या दारात नियम लिहायचा, तर एका पत्त्यावर 8000 हा पोर्ट एकाच घराला देता येतो. मग बाकीच्यांना काय सांगणार? म्हणून कंपनी पूर्ण पत्ताच तुमच्या नावावर बांधते. तो चोवीस तास अडकून राहतो, दुसऱ्या कुणाला देता येत नाही. स्टॅटिक आयपीचे जादा पैसे किंवा बिझनेस प्लॅनची अट येते ती यातून.

यावरून पुढची चूक. डीव्हीआरच्या Network पानावर Static निवडलं की आपल्याकडे स्टॅटिक आयपी आला, असं बऱ्याच जणांना वाटतं. तो घरातला पत्ता. तो पक्का करावाच, नाहीतर वीज जाऊन आल्यावर डीव्हीआर दुसरा पत्ता घेऊन बसतो. पण बाहेरच्या जगाशी त्याचा संबंध नाही. डीडीएनएसचंही तसंच. बदलणाऱ्या पत्त्याला ते कायमचं नाव देतं. पण तो पत्ता वीस घरांचा असेल, तर नाव घेऊन येणाराही त्याच बंद दारावर येतो. पत्ता बदलता पण फक्त तुमचा असेल, तर डीडीएनएसवर काम भागतं. म्हणून कंपनीला आधी विचारा, ‘पब्लिक आयपी मिळेल का, बदलता चालेल’. स्थानिक केबलवाले कधीकधी तेवढं देतात.

स्टॅटिक घ्यायचंच ठरलं, तर फोनवर तीन गोष्टी पक्क्या करा. आहे त्याच प्लॅनवर मिळेल की प्लॅन बदलावा लागेल, पैसे महिन्याचे की वर्षाचे, आणि कुठले पोर्ट बंद ठेवले आहेत का. स्टॅटिक देऊनही काही जण 80 किंवा 443 बंदच ठेवतात.

पैसे भरले तरी लगेच काही दिसत नाही, यात नवल नाही. कराडच्या कामात दुसऱ्या दिवशीही WAN IP 100.72 च होता. कंपनीने पत्ता खात्याला जोडला होता, पण राउटरचं जुनं कनेक्शन चालूच होतं. ते कनेक्शन, म्हणजे पीपीपीओई, तोडून पुन्हा जोडल्यावर नवा पत्ता आला. WAN IP मध्ये 192.168 ने सुरू होणारा पत्ता दिसला, तर भानगड घरातच आहे. फायबरचा डबा स्वतः राउटरचं काम करतोय आणि तुमचा राउटर त्याच्या मागे आहे. डबा ब्रिज मोडमध्ये टाकून घ्या, म्हणजे तो राउटरचं काम सोडेल. आणि तपासताना मोबाइलचं वायफाय बंद करा, मोबाइल डेटावरून बघा. बरेच राउटर घरातून स्वतःच्याच बाहेरच्या पत्त्यावर जाऊ देत नाहीत, मग चालू असलेलंही बंद वाटतं.

खरं सांगायचं तर मोबाइलवर बघण्यापुरतं बहुतेकांना स्टॅटिक लागतच नाही. डीव्हीआरमध्ये पी२पी किंवा क्लाउड चालू करून क्यूआर कोड स्कॅन केला की झालं. तिथे डीव्हीआर स्वतः बाहेर, त्याला बनवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरला जोडून राहतो आणि आतून बाहेर जायला सामायिक पत्त्याची आडकाठी नसते. मोबाइल आणि डीव्हीआरची थेट गाठ पडली नाही, तर चित्र सर्व्हरमार्गे येतं आणि थोडं अडखळतं. स्टॅटिक लागतो तो जुन्या डीव्हीआरला, किंवा पाच ठिकाणचे कॅमेरे एका कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करायचे असतील तर. नव्या पद्धतीचे पत्ते, म्हणजे आयपीव्ही६, हाही मार्ग आहे, पण डीव्हीआर आणि बघणाऱ्याचं नेट दोघांकडे ते हवं आणि राउटरच्या फायरवॉलमध्ये परवानगी द्यावी लागते.

कराडच्या मालकांना पुण्यात रेकॉर्डिंग हवं होतं, म्हणून त्यांनी स्टॅटिक घेतला आणि कॅमेरे दिसू लागले. आठवड्याने डीव्हीआरचा Log उघडला, तर admin नावाने चुकीच्या पासवर्डच्या ओळीच्या ओळी, सगळ्या अनोळखी पत्त्यांवरून. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने अशाच कारखान्यातून आलेल्या पासवर्डांवर कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले होते. नशिबाने इथे पासवर्ड आम्ही आधीच बदलला होता. फर्मवेअर नवं केलं, भाच्याने उघडलेले 80 आणि 554 बंद केले आणि 8000 फक्त पुण्याच्या ऑफिसच्या पत्त्यावरून येऊ दिला. त्या ऑफिसकडेही स्टॅटिक होता, म्हणून हे जमलं.