टोइंगची मर्यादा किलोमीटरात बघा
इंदूरहून धुळ्याकडे निघालात आणि सेंधव्यापाशी गाडी बंद पडली, तर गाडीच्या विम्याची साधी पॉलिसी क्रेनचा खर्च देत नाही. ती अपघातातलंच टोइंग देते, तेही बहुधा 1500 रुपयांपर्यंत. बिघाडासाठी रोडसाइड असिस्टन्स, म्हणजे रस्त्यात मदत देणारं जादा कव्हर लागतं. पण त्यात टोइंग ठरावीक अंतरापर्यंतच असतं. समजा 50 किलोमीटर आहे आणि गाडी इंदूरलाच आणायची, तर उरलेल्या जवळजवळ शंभर किलोमीटरचं भाडं तुमच्या खिशातून. आधी कंपनीच्या हेल्पलाइनला फोन करा. ढाब्यावरची क्रेन परस्पर बोलावलीत तर पैसे सहसा परत मिळत नाहीत. नवी गाडी असेल तर शोरूमची अशीच सेवा चालू आहे का बघा, उगाच दुहेरी पैसे कशाला? गाडी इंदूरमध्येच राजवाडा-पलासियापुरती फिरत असेल, तर ओळखीचा मेकॅनिक पुरे.