घड्याळाची स्टीलची चेन धुताना या चुका टाळा

पहिली चूक, आणि सगळ्यात महागडी: अख्खं घड्याळ अल्ट्रासॉनिक मशिनीत सोडणं. चष्मे धुवायची ही छोटी मशीन हल्ली घरोघरी आलीय. चवथीच्या आधी दागिने चकचकीत निघाले, की पुढचा नंबर घड्याळाचा. मशीन साधारण ४० किलोहर्ट्झवर पाण्यात बारीक बुडबुडे तयार करतं आणि ते फुटताना मळ सुटतो. पण तीच थरथर केसमधून आतल्या यंत्रापर्यंत पोचते. स्क्रू सैल होतात, नेमक्या जागी लावलेलं तेल पसरतं, जुनी रबरी रिंग पाणी आत घेते.

समजा, पाच-सहा वर्षं न उघडलेलं, '३० मीटर' लिहिलेलं घड्याळ आत गेलं. ३० मीटर म्हणजे फक्त पाण्याचे शिंतोडे, डुबकी नव्हे. बाहेर काढताना ते लखलखीत दिसेल. मग एसीत बसल्यावर काचेखाली धुकं दिसेल, किंवा हलवल्यावर आत काहीतरी खडखडेल. धुकं दिसलं की हेअर ड्रायर फिरवू नका, त्याच्या उष्णतेने वाफ आतच फिरत राहते. वाट न पाहता कारागिराकडे उघडायला द्या, चावीच्या दांड्याला गंज चढायला फार वेळ लागत नाही.

मशीन वापरायचंच, तर फक्त सुटी केलेली चेन टाका: कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचे दोन-तीन थेंब, तीन मिनिटं. सोनेरी मुलामा, काळा लेप किंवा मध्ये चामडं असलेली चेन अजिबात नको. नंतर कड्यांचे स्क्रू एकेक तपासा.

खरं तर चेनला मशीन लागतच नाही. कळंगुटला समुद्रात शिरून आल्यावर मीठ कड्यांच्या सांध्यात बसतं. त्यातल्या क्लोराइडमुळे स्टीलवर बारीक खड्डे पडतात, आणि घाम-धुळीचा काळा लगदा पिना झिजवतो. म्हणून घरी परतल्यावर चावी दाबलेली किंवा फिरवून घट्ट आवळलेली आहे ना, ते पाहून गोड्या पाण्याने चेन धुवा. केसची जलरोधकता शंकास्पद असेल तर चेन सुटी करूनच.

महिन्यातून एकदा नीट: रुमाल अंथरून स्प्रिंग पिना काढा (रुमाल नसेल तर पिना उडून कपाटाखाली जातील, शोधत बसा), चेन साबणाच्या कोमट पाण्यात पंधरा मिनिटं ठेवा, कड्या वाकवत मऊ टूथब्रश फिरवा, धुवून कपड्यावर रात्रभर वाळवा. दमट हवेत तासाभरात 'वाळली' म्हणून लावू नका. केसला ओला कपडा पुरे. पट्टा जिथे जोडतो तिथला मळ लाकडी टूथपिकने काढा, सुईने नको.

टूथपेस्ट? पॉलिश केलेल्या कडा धुरकट होतात. ब्लीच? थेट स्टीलवर डाग. गरम पाणी? रबरी रिंगला ते सोसत नाही.