काळं कपाट, काच आणि टीओएफ सेन्सर: या चुका टाळा

"सेन्सर बिघडलाय" म्हणत जो रोबो माझ्यापुढे येतो, त्यातला सेन्सर बहुतेक वेळा ठणठणीत असतो. तो बिचारा सांगत असतो की मला काही दिसलं नाही. ते ऐकायचं सोडून कोड भलताच आकडा उचलतो. टाइम-ऑफ-फ्लाइट म्हणजे टीओएफ सेन्सर प्रकाश सोडतो आणि तो परत यायला लागलेल्या वेळेवरून अंतर मोजतो. त्याच्या बाबतीत ही एकच चूक इतक्या वेळा बघितली आहे की आता कोड उघडायच्या आधीच मला ती ओळ दिसायला लागते.

मीसुद्धा ती केली आहे, आणि चारचौघांत केली आहे. दोन चाकांचा छोटा रोबो होता आणि पुढच्या बाजूला VL53L1X हा टीओएफ सेन्सर लावलेला. आदली रात्रभर पांढरी भिंत आणि पुठ्ठ्याचे खोके यांच्यासमोर सराव केला होता. एकदाही धडकला नव्हता. सकाळी लोकांसमोर सोडला तर त्या खोलीत एक काळं, चकचकीत लॅमिनेटचं कपाट होतं. रोबो त्याच्या दिशेने वळला, वेग कमी करायचा सोडून चक्क वाढवला आणि जाऊन आदळला. पुढची पट्टी निखळली. कुणीतरी "ब्रेक नाहीत का याला?" असं विचारलं.

नंतर त्याच कपाटासमोर, थोडं तिरकं, साठेक सेंटिमीटरवर रोबो धरून आकडे छापून पाहिले. पाच वाचनं अशी होती: ६१२, १८७३, १५४०, ०, १७२१ मिलिमीटर. यांतलं फक्त पहिलं वाचन वैध होतं. बाकी चारांसोबत सेन्सरने `signal fail` अशी खूण पाठवली होती, म्हणजे परत आलेला प्रकाश इतका कमी होता की त्या आकड्याला काही अर्थ नाही. मी ती खूण वाचतच नव्हतो. उलट आकडे उड्या मारतात म्हणून पाचांची सरासरी घेत होतो. ती येते ११४९. थांबायची मर्यादा होती ४००. म्हणजे माझ्या फिल्टरने चार फालतू आकडे आणि एक खरा आकडा घुसळून "रस्ता मोकळा" असं छान गुळगुळीत खोटं तयार केलं होतं.

आकडे नाचायला लागले की पहिल्यांदा सरासरी लावायची ही सवय मला आता बघवत नाही. आधी प्रत्येक वाचनाची स्थिती बघा, अवैध असेल तर फेकून द्या, मग उरलेल्यांचं काय करायचं ते करा. माझ्या प्रत्येक नव्या रोबोत पहिल्या दिवशी चाकं फिरायच्या आधी हे चालतं (पोलोलूची लायब्ररी वापरत असाल तर):

```cpp
sensor.read();
auto &d = sensor.ranging_data;
Serial.print(d.range_mm);
Serial.print('\t');
Serial.print(VL53L1X::rangeStatusToString(d.range_status));
Serial.print('\t');
Serial.println(d.peak_signal_count_rate_MCPS);
```

तिसरा रकाना सगळ्यात कामाचा, आणि नेमका तोच कुणी छापत नाही. परत आलेल्या प्रकाशाचं ते माप आहे. अंतर बरोबर दिसत असतानाही हा आकडा तळाला लागलेला असेल, तर तुम्ही कड्याच्या टोकावर उभे आहात.

आता काळ्या रंगाचं बघू. "हा सेन्सर वेळ मोजतो, त्यामुळे रंगाचा फरक पडत नाही" असं सगळीकडे लिहिलेलं असतं. अर्धं खरं आहे. मोजायला पुरेसा प्रकाश परत आला तर अंतर रंगावर फारसं अवलंबून नसतं. पण प्रकाश परत येईल की नाही, हे पूर्णपणे पृष्ठभागावर असतं. डेटाशीटमधली मोठी अंतरं ८८ टक्के प्रकाश परतवणाऱ्या पांढऱ्या लक्ष्यावर मोजलेली असतात. समजा तुमचा काळा पृष्ठभाग ५ टक्केच परतवतो. म्हणजे सिग्नल साडेसतरा पटींनी कमी झाला. लक्ष्याने सेन्सरचं सगळं दृष्टिक्षेत्र व्यापलं असेल तर सिग्नल अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो, म्हणून अंतराची मर्यादा साधारण चार पटींनी आखडते. पांढरी भिंत १२० सेंटिमीटरवर जितका सिग्नल देते, तितकाच हा काळा पृष्ठभाग जेमतेम २९ सेंटिमीटरवर देईल. त्यावर चकाकी असेल तर आणखी वाईट, कारण जो थोडा प्रकाश परततो तोही आरशासारखा एकाच दिशेला जातो. रोबो जरा तिरका असला की तो सेन्सरकडे न येता बाजूला निघून जातो.

आणि डोळ्याला काळं ते सेन्सरला काळं, असं नसतं. हा सेन्सर ९४० नॅनोमीटरच्या अवरक्त प्रकाशावर चालतो. कितीतरी काळी कापडं त्या प्रकाशात चांगली उजळ असतात, तर काजळी मिसळलेलं रबर, प्लास्टिक किंवा रंग तिथेही काळाच राहतो. त्यामुळे रंग बघून अंदाज बांधू नका. वस्तू ३० सेंटिमीटरवर सरळ धरा, मग वीसेक अंश तिरकी करा आणि तिसरा रकाना वाचा. पाच मिनिटांचं काम आहे, पण घाईच्या लोकांना ते नको असतं.

स्थिती वाचायला लागलात की पुढची अडचण येते, आणि इथे पुष्कळ जण हात टेकतात. समोर काहीच नसेल तरी `signal fail` येतं, आणि काळं कपाट असेल तरीही तेच येतं. ते अडथळा मानलं तर रोबो मोकळ्या खोलीत जागचा हलणार नाही. मोकळं मानलं तर माझ्यासारखी फजिती. सरळ पुढे बघणारा एक सेन्सर या दोन शांततांमधला फरक सांगूच शकत नाही. टाइमिंग बजेट, म्हणजे प्रत्येक वाचनाला दिलेला वेळ, वाढवून ही रेषा थोडी पुढे सरकते, पुसली जात नाही.

माझा उपाय म्हणजे जमिनीला साक्षीदार करायचं. दुसरा सेन्सर १२ सेंटिमीटर उंचीवर बसवतो आणि साधारण २२ अंश खाली झुकवतो, म्हणजे त्याच्या झोताचा मध्य ३० सेंटिमीटर पुढे जमिनीला टेकतो. या सेन्सरला नेहमी काहीतरी दिसलंच पाहिजे. आता तिथे शांतता झाली तर ती बातमी आहे: मध्ये प्रकाश गिळणारं काहीतरी आलंय, किंवा पुढे जमीनच नाही.

यात एक मजेची गोष्ट घडते. झोत म्हणजे रेघ नव्हे, शंकू. `setROISize(4, 4)` करून तो सुमारे १५ अंशांवर आणला, तरी जमिनीवरचा पट्टा २१ ते ४७ सेंटिमीटरपर्यंत पसरतो. काळं कपाट जवळ येतं तेव्हा आधी या पट्ट्याचा लांबचा भाग झाकला जातो, मग मधला. त्यामुळे सिग्नल एकदम न तुटता हळूहळू खाली येतो, आणि मोजलेलं अंतरही थोडं कमी होत जातं. मी सुरुवातीला त्याच जमिनीवर रोबो मिनिटभर फिरवून नेहमीचा सिग्नल लिहून ठेवतो. तो निम्म्यावर आला की वेग कमी, सलग तीन वाचनं अवैध आली की थांबा. सेकंदाला ३० सेंटिमीटर वेग आणि ५० मिलिसेकंदांना एक वाचन धरलं, तर तीन वाचनांत रोबो साडेचार सेंटिमीटर सरकतो. ब्रेक लागेपर्यंतचं अंतर मिळवूनही जागा उरते. वेग दुप्पट हवा असेल तर झुकाव कमी करून पट्टा पुढे न्यावा लागेल. पण मग प्रकाश जमिनीवर आणखी तिरका पडतो आणि सिग्नल आणखी घटतो. फुकट काही मिळत नाही.

जमीनच काळी पॉलिशची असेल तर हा साक्षीदार फितूर. तो सारखा गप्प राहतो आणि रोबो सारखा थांबतो. चिडचिड होते, पण धडकत तरी नाही.

याच्या उलट चूकही बरीच बघतो: पुढे बघणारा सेन्सर जमिनीपासून ६ सेंटिमीटरवर बसवायचा आणि त्याचा शंकू पूर्ण २७ अंश ठेवायचा. साडेतेरा अंश खाली जाणारी कडा २५ सेंटिमीटरवर जमिनीला लागते (हे २७ अंश कर्णावरचे असल्यामुळे प्रत्यक्षात जरा पुढे). समोर पांढरा खोका असताना त्याचाच प्रकाश जास्त, म्हणून काही कळत नाही. काळी वस्तू आली की तिचा प्रकाश नसतो आणि उजळ फरशी जिंकते. वाचन वैध, आकडा स्थिर, पण तो फरशीचा. रोबो पुढे सरकला तरी आकडा बदलत नसेल तर हेच झालंय समजा. सेन्सर वर घ्या किंवा शंकू लहान करा. शंकू लहान केला की गोळा होणारा प्रकाशही कमी होतो, हे मात्र लक्षात ठेवा.

काचेपुढे ही साक्षीदाराची युक्तीही हरते, कारण तिरका झोत काचेतून आरपार जाऊन पलीकडची जमीन बघतो आणि सगळं आलबेल असल्याचं सांगतो. साधी काच दोन्ही बाजू मिळून सुमारे ८ टक्के प्रकाश परतवते, तोही आरशासारखा. म्हणजे अगदी काटकोनात असाल तरच काच दिसेल, एरवी पलीकडची भिंत. ओळखायची खूण सोपी आहे: रोबो जागच्या जागी दोन-तीन अंश डावी-उजवीकडे फिरवा. आकडा दोन ठरावीक किमतींमध्ये उड्या मारत असेल, उदाहरणार्थ ४०० आणि ११००, तर मध्ये काच किंवा पारदर्शक ॲक्रिलिक आहे. सॉफ्टवेअरने यावर मात करतो म्हणणाऱ्यांना मी शुभेच्छा देतो. मी स्वतः सोबत अल्ट्रासॉनिक सेन्सर लावतो, कारण आवाजाला काच म्हणजे भिंतच. फक्त तोही तिरक्या गुळगुळीत पृष्ठभागावर चुकतो, म्हणून त्याच्या पुढे बंपर स्विच. जागा आपलीच असेल तर काचेवर सेन्सरच्या उंचीला मास्किंग टेपची पट्टी चिकटवा. दिसायला गबाळी, पण चालते.

आरसा असेल तर सेन्सर आरशापर्यंतचं आणि तिथून पुढच्या वस्तूपर्यंतचं, असं दोन्ही मिळून अंतर सांगतो. उपाय तोच, टेप.

कडक ऊन येत असेल तर `VL53L1X::Short` मोड वापरा. लांबचा मोड उजेडात आधी मान टाकतो.

सेन्सरपुढे शोभेसाठी ॲक्रिलिकची खिडकी लावू नका. लावायचीच असेल तर सेन्सरला जवळजवळ टेकवून लावा आणि क्रॉसटॉक कॅलिब्रेशन करा, नाहीतर खिडकीवरून उलटलेला प्रकाश काळ्या वस्तूच्या क्षीण सिग्नलवर कुरघोडी करतो आणि अंतर कमी दिसतं.

आणि नवीन मॉड्यूलवर चिकटवलेली ती इवलीशी संरक्षक फिल्म काढा. हसू नका, गेल्याच महिन्यात एकाने दोन दिवस कोड तपासला होता.