चाकाचे फेरे आणि बागेभोवतीचा रस्ता: एकाच परिघावरची दोन गणिते

स्पर्धा परीक्षांची तयारी नव्याने सुरू करणाऱ्या उमेदवारांच्या वह्या मी बरीच वर्षे तपासत आले आहे. महत्त्वमापनाच्या प्रकरणात चाकाच्या फेऱ्यांची उदाहरणे एका पानावर आणि कुंपण व रस्त्याच्या खर्चाची उदाहरणे दुसऱ्या पानावर असतात, त्यामुळे बहुतेक जण त्यांची वेगवेगळी सूत्रे पाठ करतात. माझ्या मते ही दोन्ही गणिते एकत्र शिकावीत, कारण दोन्हींचा आधार परीघच आहे. तो कुठे लांबी म्हणून वापरायचा आणि कुठे त्याला रुंदीने गुणायचे, एवढे कळले की पाठांतराचे ओझे पुष्कळ हलके होते.

त्यासाठी मी एकच उदाहरण शेवटपर्यंत नेते. एका वर्तुळाकार बागेची त्रिज्या 35 मीटर आहे. बागेला तारेचे कुंपण घालायचे आहे आणि कुंपणाच्या बाहेरून 3.5 मीटर रुंदीचा रस्ता करायचा आहे. कुंपणाचा दर मीटरला 45 रुपये आणि रस्त्याचा दर चौरस मीटरला 60 रुपये आहे. शिवाय एका सायकलच्या चाकाचा व्यास 70 सेंटिमीटर आहे.

आधी चाक घेऊ. चाक न घसरता एकदा पूर्ण फिरले की ते आपल्या परिघाएवढेच अंतर कापते. येथे परीघ 22/7 × 70, म्हणजे 220 सेंटिमीटर किंवा 2.2 मीटर होतो. बागेचा परीघ 2 × 22/7 × 35, म्हणजे 220 मीटर आहे. म्हणून कुंपणाच्या कडेने एक पूर्ण चक्कर मारताना चाकाचे 220 ÷ 2.2, म्हणजे 100 फेरे होतात. हेच चाक 11 किलोमीटर चालले, तर 11,000 ÷ 2.2 या हिशेबाने 5,000 फेरे होतील. येथे दोन ठिकाणी गफलत होते. व्यासाला त्रिज्या समजून पुन्हा 2 ने गुणले, तर चाकाचा परीघ दुप्पट आणि फेरे निम्मे येतात. सेंटिमीटरचे मीटर करायचे राहिले, तर उत्तर शंभर पटींनी चुकते. पहिली चूक पकडण्याचा साधा उपाय म्हणजे परीघ व्यासाच्या तिपटीहून थोडा अधिक आहे की नाही हे पाहणे. गुडघ्याहून थोड्या उंच चाकाचा परीघ दोन मीटरांच्या आसपास असणे पटते, तो साडेचार मीटर असणे पटत नाही.

वर्तुळाकार मार्गावर फेरे मोजताना पायची किंमत लागतही नाही. बागेचा आणि चाकाचा परीघ यांच्या भागाकारात ती वर आणि खाली दोन्हीकडे असल्याने कटते आणि फक्त व्यासांचा भागाकार उरतो: 70 मीटर भागिले 70 सेंटिमीटर, म्हणजे 100. म्हणून अशा उदाहरणात 22/7 घ्यावे की 3.14, या विचारात वेळ घालवू नये. 11 किलोमीटरसारखे सरळ अंतर दिले असेल, तर मात्र ती किंमत लागते. 22/7 ही किंमत पायपेक्षा किंचित मोठी आहे आणि फरक दहा हजारांत सुमारे चार एवढाच आहे. दिलेली संख्या 7 च्या पटीत असेल तर ती घ्यावी, पण प्रश्नात 3.14 घ्यायला सांगितले असेल तर तेच घ्यावे.

कुंपण ही निव्वळ लांबी आहे. 220 मीटरला 45 रुपये दराने 9,900 रुपये लागतील. तारेचे तीन पदर सांगितले असतील, तर तारेची लांबी तिप्पट होईल, आणि फाटकासाठी जागा सोडली असेल, तर तेवढी लांबी प्रत्येक पदरातून वजा होईल. खांब दर 5.5 मीटरवर रोवायचे असतील, तर 220 ÷ 5.5 या हिशेबाने 40 खांब पुरतात. सरळ रेषेवर दोन्ही टोकांना खांब लागत असल्याने एक खांब जास्त धरावा लागतो, पण बंद वळशात शेवटचा खांब म्हणजे पहिलाच खांब असतो.

रस्ता म्हणजे क्षेत्रफळ, आणि सर्वाधिक गोंधळ येथेच होतो. रस्ता बागेच्या बाहेर असल्याने बाहेरच्या वर्तुळाची त्रिज्या 35 + 3.5, म्हणजे 38.5 मीटर आहे. रस्त्याचे क्षेत्रफळ दोन वर्तुळांच्या क्षेत्रफळांच्या वजाबाकीइतके असते. त्यासाठी दोन्ही वर्ग वेगवेगळे काढण्याची गरज नाही. वर्गांचा फरक म्हणजे त्रिज्यांची वजाबाकी गुणिले त्रिज्यांची बेरीज, म्हणून 22/7 × 3.5 × 73.5 एवढे करावे. उत्तर 808.5 चौरस मीटर येते आणि खर्च 48,510 रुपये होतो. अनेक वह्यांत मला 22/7 × 3.5 × 3.5, म्हणजे 38.5 चौरस मीटर असे उत्तर दिसते, कारण त्रिज्या आधी वजा करून मग वर्ग केलेला असतो. 220 मीटरपेक्षा लांब आणि 3.5 मीटर रुंद पट्टा इतका लहान असूच शकत नाही, आणि ही शंका त्याच क्षणी यायला हवी.

आता तीच सायकल रस्त्याच्या अगदी मधोमध चालवू. मधल्या रेषेची त्रिज्या 36.75 मीटर आणि तिची लांबी 231 मीटर आहे, म्हणून एका चकरेत चाकाचे 105 फेरे होतील. या 231 मीटरला रुंदीने, म्हणजे 3.5 ने, गुणले की नेमके 808.5 मिळते. हा योगायोग नाही. दोन त्रिज्यांची बेरीज ही मधल्या त्रिज्येच्या दुप्पट असते, म्हणून वजाबाकीचे सूत्र आणि मधल्या रेषेची लांबी गुणिले रुंदी हे एकच आहे. एखाद्या प्रश्नात रस्त्याच्या मध्यावरून चाललेल्या चाकाचा परीघ व फेरे आणि रस्त्याची रुंदी दिली असेल, तर त्रिज्या न काढताच क्षेत्रफळ सांगता येते.

आयताकृती बागेलाही हीच रीत चालते. 60 मीटर लांब आणि 40 मीटर रुंद बागेच्या बाहेरून 2 मीटर रुंदीचा, कोपऱ्यांसह पूर्ण आयताकृती रस्ता असेल, तर मधल्या रेषेचा आयत 62 व 42 मीटरचा, तिची लांबी 208 मीटर आणि रस्त्याचे क्षेत्रफळ 416 चौरस मीटर. पडताळ्यासाठी 64 × 44 मधून 60 × 40 वजा करून पाहावे. रुंदी एकाच बाजूने मिळवून 62 × 42 घेतले, तर 204 येते आणि ते चुकीचे आहे. बागेची परिमिती गुणिले रुंदी, म्हणजे 200 × 2 = 400, ही येथे ताबडतोब वापरता येणारी कसोटी आहे: रस्ता बाहेर असेल तर उत्तर याहून थोडे जास्त आणि आत असेल तर थोडे कमी यायला हवे.

म्हणूनच प्रश्नातला ‘आतून’ किंवा ‘बाहेरून’ हा शब्द वाचल्यावर लगेच कच्ची आकृती काढावी. आपल्या वर्तुळाकार बागेत तोच रस्ता आतून केला असता, तर त्रिज्या 35 आणि 31.5 झाल्या असत्या, क्षेत्रफळ 731.5 चौरस मीटर आले असते आणि खर्च 43,890 रुपये, म्हणजे 4,620 रुपयांनी कमी झाला असता. कुंपणाचा खर्च मात्र 9,900 रुपयेच राहिला असता, कारण ते बागेच्या हद्दीवरच आहे. बाहेरचा रस्ताही कुंपणाच्या आत घ्यायचा असेल, तर परीघ 242 मीटर आणि खर्च 10,890 रुपये होतो. वाढलेली 22 मीटर तार म्हणजे 2 × 22/7 × 3.5. ही वाढ फक्त रस्त्याच्या रुंदीवर ठरते, बाग कितीही मोठी असली तरी ती तेवढीच राहते.